बाळाची लांबी कमी कशी झाली? वाढीच्या तक्त्यावरची रेघ खाली वळते तेव्हा

"ताई, माझं बाळ आखूड झालं का हो?"

सहा महिन्यांच्या मुलाला मांडीवर घेऊन बसलेल्या आईने मला हे विचारलं, तेव्हा ती अर्धी हसत होती आणि अर्धी घाबरलेली होती. तिच्या हातातल्या कार्डावर तिसऱ्या महिन्याची लांबी ६३.६ सेंटीमीटर लिहिलेली होती आणि त्या दिवशी आमच्याकडे नव्याने मोजायला लागलेल्या मुलीने लिहिलेला आकडा होता ६३.१. तीन महिन्यांत बाळ अर्धा सेंटीमीटर कमी झालं होतं.

बाळ आखूड होत नाही. पण असे आकडे कार्डावर येत राहतात. बालवाढीच्या मोजमापात मी बरीच वर्षं काढली, नवीन लोकांना शिकवलं, आणि ही तक्रार दर थोड्या महिन्यांनी कुणीतरी घेऊन येतंच. कधी लांबी घटते, कधी एका महिन्यात पाच सेंटीमीटरची उडी मारते, कधी डोक्याचा घेर एकदम दोन रेघा ओलांडून वर जातो. मग कुणी बाळाला तपासण्यांना पाठवतं, तर कुणी 'मापात चूक असेल' म्हणून सोडून देतं. दोन्ही घाईचं आहे. चूक असेल तर ती नेमकी कुठली, हे बहुतेक वेळा शोधता येतं.

त्यासाठी एक गोष्ट आधी डोक्यात बसवावी लागते. मोजण्याच्या बहुतेक चुकांना स्वतःची दिशा असते. काही चुका आकडा लहान करतात, काही मोठा करतात. गुडघा वाकला तर बाळ आखूडच दिसणार, लांब दिसणार नाही. त्यामुळे आकडा कोणत्या बाजूला चुकला आहे हे कळलं की संशयितांची यादी निम्म्याने कमी होते.

आधी बाळाला हात न लावता

पहिली पाच मिनिटं टेबलावरच घालवा. बाळ दूध पिऊन शांत होईपर्यंत तेवढा वेळ मिळतोच.

कार्ड मुलाचं आहे की मुलीचं, ते बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यांत मुलांचा निळा आणि मुलींचा गुलाबी असतो, तरी गडबडीत भलताच तक्ता हातात येतो. तक्त्यावर एक मधली रेघ असते आणि तिच्यापासूनचं अंतर पायऱ्यांत मोजतात: वर अधिक एक, अधिक दोन, खाली उणे एक, उणे दोन. उणे दोनच्याही खाली गेलं की बाळ फार मागे पडलं असं धरतात. सहा महिन्यांना मुलाची मधली लांबी ६७.६ आहे, मुलीची ६५.७. म्हणजे मुलीचा अगदी मध्यावरचा आकडा मुलाच्या तक्त्यावर मांडला की तो उगाच एका रेघेजवळ खाली जाऊन बसतो.

मग जन्मतारीख आणि मोजल्याची तारीख घेऊन वय पुन्हा काढा. वय 'साधारण सहा' असं चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची रीत पूर्ण झालेले महिने धरायची आहे, म्हणजे पाच महिने आणि पंचवीस दिवसांचं बाळ पाच महिन्यांच्या उभ्या रेघेवर येतं. एकाने असं धरलं आणि पुढच्या वेळी दुसऱ्याने जवळचा महिना धरला, तर माप बरोबर असूनही रेघ लटपटते. पहिल्या तीन महिन्यांत तर हा फरक फारच जाणवतो, कारण मुलाची मधली लांबी जन्माला ४९.९ असते आणि एका महिन्याला ५४.७. एकोणतीस दिवसांचं बाळ 'शून्य महिन्यां'च्या रेघेवर मांडलं तर ते राक्षसासारखं उंच दिसेल. म्हणून तेरा आठवड्यांपर्यंत आठवड्यांचा तक्ता वापरावा. तो त्यासाठीच छापलेला असतो.

लवकर जन्मलेल्या बाळाचं वय दुरुस्त करून धरायचं असतं, निदान दोन वर्षांचं होईपर्यंत. बत्तिसाव्या आठवड्यात जन्मलेला मुलगा आठ आठवडे आधी आला. तो पाच महिन्यांचा असताना त्याच्या डोक्याचा घेर ४०.५ आला, तर पाच महिन्यांच्या रेघेवर तो ठिपका उणे दोनच्या रेघेजवळ जातो आणि सगळे काळजीत पडतात. त्याचं दुरुस्त वय तीन महिने. तीन महिन्यांच्या मुलाचा मधला घेर ४०.५ च आहे. ठिपका एकाच कार्डावर कधी खऱ्या वयाने आणि कधी दुरुस्त वयाने मांडला गेला असेल, तर रेघ करवतीच्या दात्यांसारखी दिसते, आणि ते बघूनच ओळखता येतं.

शेवटी आकडा स्वतः बघा. ६७.२ च्या जागी ६२.७ लिहिलं जातं. लांबीच्या रकान्यात डोक्याचा घेर जातो. तोंडाने सांगितलेला 'सदुसष्ट' ऐकणाऱ्याला 'सत्तावन्न' ऐकू येतो, विशेषतः बाळ रडत असेल तर. मोजणारा आणि लिहिणारा वेगळे असतील तर लिहिणाऱ्याने आकडा परत मोठ्याने वाचून दाखवायचा. आमच्याकडे सुरुवातीला मुली यावर हसायच्या.

एक जास्तीची नजर वहीवर टाका. महिनाभराच्या नोंदींत दशांशाचा आकडा सतत शून्य किंवा पाच असेल, ६४.०, ७१.५, ६८.०, तर कुणीतरी लांबी मोजायच्या फळ्यावरचा आकडा वाचत नाही, अंदाज लिहितं. मिलिमीटरच्या खुणांवर दहाही आकडे जवळपास सारखेच यायला हवेत.

लांबी: फळ्यावर काय काय बिघडतं

आमच्या त्या मुलाच्या बाबतीत तक्ता, वय, लिखाण सगळं ठीक होतं. जन्माला ४९.१, एका महिन्याला ५३.७, दोन्ही ठिपके मधल्या रेघेच्या जरासे खाली, एकाच वाटेने चाललेले. तीन महिन्यांचा ६३.६ मात्र एकदम वर, मधल्या रेघेपासून एक पायरी वर. आणि आजचा ६३.१ उणे दोनच्याही खाली, कारण सहा महिन्यांच्या मुलासाठी ती रेघ ६३.३ वर आहे. कागदावर हे बाळ 'खुजं' ठरत होतं.

दोनपैकी एक ठिपका चुकीचा, असं कुणालाही वाटेल. मला दोन्हींवर संशय होता. तीन महिन्यांचा आकडा त्याच्या आधीच्या वाटेपेक्षा वर आणि आजचा खाली. एक चूक लांब करणारी, दुसरी आखूड करणारी.

"कसं मोजलंस?" मी विचारलं.

"फळ्यावरच मोजलं. आई बाळाचा हात धरून उभी होती."

"आणि डोकं कुणी धरलं?"

ती गप्प बसली. तिथेच अर्धं उत्तर मिळालं. लांबी मोजायला दोन माणसं लागतात. एकटीने मोजायला गेलं की एक हात डोक्यावर, एक हात सरकत्या पाटीवर, आणि गुडघे कुणाच्याच हातात नाहीत. बाळ पाय पोटाशी घेतं, पाटी तळव्यांना टेकते, आणि आकडा दोन-तीन सेंटीमीटरने कमी येतो. आखूड करणाऱ्या चुकांत हिचा नंबर पहिला. दुसरी म्हणजे बाळ फळ्यावर तिरकं पडणं: डोकं एका कडेला, पाय दुसऱ्या कडेला. तिसरी, हनुवटी छातीकडे झुकलेली. जाड लंगोट किंवा डायपर असेल तर कंबर वर उचलली जाते आणि पाय नीट सरळ होत नाहीत, म्हणून ते काढूनच मोजायचं.

लांब करणाऱ्या चुका वेगळ्या. डोकं वरच्या पाटीला टेकलेलंच नाही, मध्ये बोटभर फट राहिली. बाळ खाली सरकलं आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. केसांचा बुचडा, टोपी, क्लिप. पायाचे पंजे ताणलेले आणि पाटी टाचेला न टेकता बोटांना टेकलेली. आणि सगळ्यांत मोठी म्हणजे फळाच न वापरता बाळाला गादीवर ठेवून, शिंप्याच्या टेपने डोक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत अंगावरून मोजणं. गाल, पोट, मांड्या यांच्या चढउतारांवरून टेप गेली की ती बाळाची लांबी राहत नाही. आईला विचारलं, तर तीन महिन्यांची नोंद अशीच निघाली. कुठेतरी दुसरीकडे लस घ्यायला गेले होते, तिथे फळा नव्हता, गादीवर टेप लावली होती. बिचाऱ्यांनी मनापासून मोजलं असेल, पण तो आकडा तक्त्यावर यायला नको होता.

बाळ परत फळ्यावर घेतलं. या वेळी आम्ही दोघी, आणि आई बाळाच्या डोळ्यांसमोर. हे कसं केलं ते जरा सविस्तर सांगते, कारण 'नीट मोजा' म्हणून काहीच कळत नाही.

बाळाला ठेवण्याआधी फळा तपासला. टणक, सपाट टेबलावर ठेवलेला. डोक्याकडची पाटी पक्की. सरकती पाटी काटकोनात, डुगडुगत नसलेली. डुगडुगणाऱ्या पाटीच्या वरच्या टोकाला टाच टेकली की खालचं टोक दुसरंच काहीतरी दाखवतं. आमच्याकडे ६० सेंटीमीटरची एक सरळ काठी आहे, ती आठवड्यातून एकदा फळ्यात ठेवून बघतो. ६०.० च्या ऐवजी काही भलतंच आलं तर फळा दुरुस्त होईपर्यंत बाजूला.

मग मी डोक्याकडे उभी राहिले, फळ्याच्या मागे, बाळाच्या वर. दोन्ही तळहातांनी कानांवरून डोकं धरलं, टाळू पाटीला टेकवली आणि केस दबले जातील इतपत दाबलं. डोक्याचा कोन असा हवा की डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाच्या छिद्राची वरची कड यांना जोडणारी रेघ फळ्याला काटकोनात उभी राहील. साध्या भाषेत, बाळाची नजर सरळ छताकडे. हनुवटी आत गेली किंवा मान मागे पडली की हा कोन मोडतो. डोकं धरणाऱ्याचं काम एवढंच असतं, आणि आकडा घेईपर्यंत त्याने दुसरं काहीही करायचं नाही.

दुसरी मुलगी फळ्याच्या बाजूला, आकडे दिसतील अशी. तिने आधी बाळाचा मधला भाग फळ्याच्या मध्यरेषेवर आणला, खांदे आणि कंबर टेकलेली आहे ना हे पाहिलं. मग एका हाताने दोन्ही गुडघ्यांवर हलका पण ठाम दाब, आणि दुसऱ्या हाताने पाटी आणून दोन्ही तळव्यांना टेकवली. तळवे पाटीला पूर्ण लागलेले, पायाची बोटं वर. बाळाने बोटं मुडपली तर तळव्याला जरा गुदगुल्या केल्या की पंजा उघडतो, आणि त्याच क्षणी पाटी सरकवायची. डोळा आकड्याच्या बरोबर वर आणून वाचायचं. बाजूने वाचलं की दोन-तीन मिलिमीटर सहज इकडेतिकडे होतात. लिहायचं ते पूर्ण झालेल्या शेवटच्या मिलिमीटरपर्यंत.

नवजात बाळाच्या गुडघ्यांवर जोर देऊ नका. त्यांचे पाय आपोआप पूर्ण सरळ होत नाहीत आणि जबरदस्तीने इजा होऊ शकते. जेवढे सहज सरळ होतील तेवढे. मोठं बाळ फारच लाथा झाडत असेल आणि दोन्ही पाय धरणं अशक्य असेल, तर एक पाय नीट सरळ धरून मोजलेलं चालतं. पण तसं कार्डावर लिहा. आम्ही पूर्वी हे सर्रास करायचो, आणि मग कंबर एका बाजूला तिरकी झालेली कुणी बघायचंच नाही. आता तो शेवटचा उपाय.

पहिला आकडा ६६.४. बाळाला उचललं, आईने जवळ घेतलं, मिनिटभराने परत ठेवलं आणि जागा बदलल्या. दुसरा आकडा ६६.७.

हे 'उचलून परत ठेवणं' महत्त्वाचं. बाळ तिथेच पडलेलं असताना पाटी मागे-पुढे करून घेतलेला दुसरा आकडा पहिल्याची नक्कल असतो, कारण वाकलेला गुडघा वाकलेलाच राहतो. आणि दुसऱ्याने मोजताना पहिला आकडा त्याला माहीत नसावा. माहीत असला की हात आपोआप तिकडे झुकतो. चांगल्या माणसांचाही झुकतो, माझाही.

दोन आकड्यांत किती फरक चालेल? जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात सहा देशांत जो वाढीचा अभ्यास केला आणि ज्यावर २००६ चे तक्ते उभे आहेत, त्यात दोन मोजणाऱ्यांमधला फरक लांबीसाठी ७ मिलिमीटर आणि डोक्याच्या घेरासाठी ५ मिलिमीटरपर्यंत मान्य होता. त्याहून जास्त आला तर दोघांनीही पुन्हा मोजायचं. आमचा फरक ३ मिलिमीटर. सरासरी ६६.५५, म्हणून लिहिलं ६६.५.

आता ठिपका मधल्या रेघेच्या अर्धी पायरी खाली गेला, जन्माचा आणि पहिल्या महिन्याचा ठिपका जिथे होते अगदी त्याच वाटेवर. 'खुजं' बाळ नाहीसं झालं. सकाळच्या मोजमापात तीन सेंटीमीटरहून जास्त गुडघ्यांत अडकले होते.

लांबीतली चूक लांबीपुरती राहत नाही, हेही इथेच सांगायला हवं. लांबीच्या मानाने वजन बघतो तो तक्ता तिच्यावरच चालतो. समजा एका मुलाचं वजन ६.५ किलो आहे आणि त्याची लांबी ६५ मोजली गेली. या लांबीला उणे दोनची रेघ ६.२ किलोवर आहे, म्हणजे बाळ ठीक. त्याची खरी लांबी ६७ असेल तर तीच रेघ ६.६ वर येते, आणि तेच बाळ आता रोडावलेलं ठरतं. गुडघा वाकलेला राहिल्याने एक बारीक झालेलं बाळ 'आखूड पण भरलेलं' म्हणून घरी जाऊ शकतं. उलट दिशेची चूक धडधाकट बाळाला उगाच कुपोषितांच्या यादीत घालते.

आणखी एक 'घट' वरवर अशीच दिसते पण तिचं कारण वेगळं आहे. दोन वर्षांपर्यंत बाळाला झोपवून मोजतात, नंतर उभं करून. उभं राहिलं की उंची साधारण ०.७ सेंटीमीटर कमी भरते. दोन वर्षांखालचं मूल झोपायला तयारच नाही म्हणून उभं मोजलं तर त्यात ०.७ मिळवा, दोन वर्षांवरच्याला झोपवून मोजावं लागलं तर ०.७ वजा करा.

डोक्याचा घेर: एका टेपची गोष्ट

डोक्याचं माप सोपं वाटतं. एकच माणूस, एक टेप, दहा सेकंद. म्हणूनच ते जास्त बिघडतं.

एकदा चार महिन्यांचा एक मुलगा आमच्याकडे पाठवला गेला. दोन महिन्यांना घेर ३९.०, चार महिन्यांना ४३.४. दोन महिन्यांत ४.४ सेंटीमीटर. मधल्या रेघेवरचं डोकं त्या काळात ३९.१ वरून ४१.६ वर जातं, म्हणजे अडीच सेंटीमीटर. या बाळाचा ठिपका मधल्या रेघेवरून निघून अधिक एकच्याही वर गेला होता. डोक्यात पाणी साठतंय की काय, या भीतीने आई-वडिलांनी रात्रभर डोळा मिटला नव्हता.

बाळ हसरं, टाळू मऊ आणि सपाट, नजर नीट, उलट्या नाहीत. मी आमच्या टेपने मोजलं: ४१.९. दुसरीने मोजलं: ४१.८. दीड सेंटीमीटरचा फरक हाताच्या चुकीसाठी जरा जास्तच होता. टेप सैल राहिली तर आकडा मोठा येतो हे खरं, पण दीड सेंटीमीटर सैल टेप डोक्यावरून घसरायला लागते.

ज्या ठिकाणी आधी मोजलं होतं तिथली टेप मागवून घेतली. कापडी, जुनी. टोकाचा पत्रा निघून गेला होता आणि विसविशीत झालेलं टोक कुणीतरी कात्रीने नीटनेटकं कापलं होतं. छापलेला शून्य त्यात गेला. आता टेपचं टोक म्हणजे शून्य धरून गुंडाळली की आकडा बरोबर कापलेल्या तुकड्याइतका जास्त येणार. ४३.४ मधून दीड गेले, राहिले ४१.९. त्या दिवशी त्या टेपने मोजलेल्या बाकीच्या बाळांचे आकडे मागवले, तर सगळीच डोकी एकाएकी वाढलेली.

ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. एकाच बाळाचा आकडा चुकला तर हात तपासा. एका दिवसाची सगळी बाळं एकाच दिशेला सरकली तर साधन तपासा.

टेपच्या बाबतीत उलटही घडतं. काही टेपांना शून्याच्या आधी सेंटीमीटरभर कोरी पट्टी असते. त्या पट्टीचं टोक शून्य समजून लावलं तर घेर तेवढा कमी येतो. कापडी टेप वापरून ताणली गेली की तिच्यावरच्या खुणा लांबलांब होतात आणि तीसुद्धा कमी दाखवते, हळूहळू, कुणाला न कळता. म्हणून न ताणली जाणारी, अरुंद, मिलिमीटरच्या खुणांची टेप हवी, आणि महिन्यातून एकदा ती स्टीलच्या पट्टीशेजारी ठेवून बघायची. कापडी टेप मी तर सरळ फेकून देते.

आता हाताच्या चुका. टेप पुढून भुवयांच्या लगेच वर, कपाळाच्या पुढे आलेल्या भागावरून जायला हवी. मागून डोक्याच्या मागच्या उंचवट्याच्या सगळ्यांत फुगीर जागेवरून. बाजूने कानांच्या वरून, कान टेपमध्ये न अडकवता. डावी-उजवी बाजू एकाच उंचीवर. यात बहुतेकांचा गोंधळ मागच्या बाजूला होतो, कारण ती दिसत नाही. मोजणारा समोर बसतो, कपाळावर टेप छान लावतो आणि मागे ती मानेकडे घसरते किंवा उंचवट्याच्या वर चढते. दोन्ही ठिकाणी डोकं अरुंद असतं, म्हणून घेर कमी येतो. टेप जागेवरून घसरली तर ती बहुधा कमीच दाखवेल. जास्त दाखवत असेल तर टेप सैल आहे, केसांवर आहे, कान आत घेतला आहे किंवा पिळली गेली आहे.

मी बाळाला आईच्या मांडीवर बसवते आणि स्वतः बाजूला बसते. आधी बोटाने मागचा उंचवटा चाचपून घेते. टेप मागे तिथे टेकवून पुढे आणते, मग मागचा भाग जरासा वर-खाली करून सगळ्यांत मोठा आकडा कुठे येतो ते बघते. तोच घेर. नंतर केस दबतील इतकी घट्ट ओढते. केस दाट असतील तर वेण्या, क्लिप, बँड आधी सोडायचे; वेणीवरून गेलेली टेप सेंटीमीटरभर खोटं बोलू शकते. वाचून झाल्यावर टेप पूर्ण काढायची, परत लावायची. दोन आकड्यांत ५ मिलिमीटरहून जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा.

जन्मानंतर लगेच घेतलेल्या घेरावर फार विसंबू नका. जन्मताना डोकं दाबलं गेलेलं असतं, कवटीची हाडं एकमेकांवर चढलेली असतात, कधी वर सूज असते. एक-दोन दिवसांनी पुन्हा मोजलं की आकडा बदलतो, आणि पुढच्या सगळ्या ठिपक्यांची तुलना त्या नंतरच्या आकड्याशी करणं जास्त बरोबर. सूज असताना मोजलं असेल तर कार्डावर 'सूज' एवढा एक शब्द लिहा. दोन महिन्यांनी कुणाचा तरी गोंधळ वाचेल.

आणि चूक सापडली नाही तर? टेप चांगली, दोघांनी वेगवेगळं मोजलं, वय बरोबर, तरी घेर पहिल्यापेक्षा वरच्या रेघांकडे पळतोच आहे, तर पुढच्या भेटीची वाट बघू नका. त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे पाठवा. टाळू फुगलेली किंवा ताणलेली, हाडांमधल्या फटी रुंदावलेल्या, वारंवार उलट्या, बाळ सुस्त किंवा सतत किरकिरं, डोळे खाली झुकलेले आणि वरचा पांढरा भाग दिसतोय, यातलं काहीही असेल तर पुन्हा मोजण्यातही वेळ घालवू नका. घेर वाढतच नसेल आणि ठिपके खालच्या रेघांकडे घसरत असतील, तर तेही तेवढंच दाखवण्यासारखं आहे. मोठ्या पण आपल्याच वाटेने चाललेल्या डोक्याच्या वेळी मात्र मी आई-वडिलांच्या डोक्यांवरही टेप लावते. बरेचदा वडिलांची टोपीच उत्तर देते.

मग कार्डावर काय लिहायचं

चुकीचा आकडा खोडरबराने पुसू नका आणि त्यावर पांढरा रंग फासू नका. एक आडवी रेघ मारा, खालचा आकडा वाचता यायला हवा. शेजारी नवीन आकडा, तारीख, दोघांच्या सह्या. त्या दिवसाचा चुकीचा ठिपका गोल करून त्यावर फुली.

तीन महिन्यांच्या ६३.६ चं काय करायचं, यावर आमच्या मुलीने मला छान अडकवलं. "ताई, मागच्या आणि पुढच्या ठिपक्यांवरून तो साधारण ६०.४ असेल. तेवढं लिहून टाकू का?"

नाही. तो आकडा कुणी मोजलेला नाही. एकदा का रेघ सुंदर दिसावी म्हणून आकडे बनवायला लागलो, की पुढे खरी घसरण झाली तरी ती आपण सवयीने गुळगुळीत करून टाकू. त्या ठिपक्याभोवती गोल केला, बाजूला लिहिलं 'गादीवर टेपने मोजले, ग्राह्य नाही', आणि रेघ जोडताना तो वगळला. पहिल्या महिन्यापासून सहाव्या महिन्यापर्यंत तुटक रेघ.

उलट मोहही असतो. नवा आकडा जुन्या वाटेवर बसत नाही म्हणून तो 'जरा वर' लिहिण्याचा. म्हणून आम्ही ठरवलं की मोजणाऱ्याने आधीचं पान उघडायचंच नाही. आकडा घेऊन, लिहून, मग पान उलटायचं. फरक विचित्र असेल तर तेव्हाच, बाळ अजून खोलीत असताना, पुन्हा मोजायचं. बाळ घरी गेल्यावर सापडलेली चूक महिनाभर कार्डावर राहते.

ते बाळ नवव्या महिन्यात परत आलं. आईने दारातूनच विचारलं, "आज किती आखूड?" दोघींनी मोजलं, ७०.८ आणि ७१.०. कार्डावर ७०.९ लिहिलं. नऊ महिन्यांच्या मुलाची मधली लांबी ७२.० आहे, ठिपका त्याच अर्ध्या पायरीखालच्या वाटेवर बसला. तिसऱ्या महिन्याचा गोल केलेला ठिपका अजून वरती एकटाच लटकत होता. आईने त्यावर बोट ठेवून आपल्या बहिणीला सांगितलं, "हे त्याचं नाही, हे गादीचं माप."